‘बघू’ आणि ‘कळवतो’ यांच्यामध्ये अडकलेलं स्थळ

प्रिय ताई,

फोनवर हे नीट बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे. जूनच्या शेवटी साइटवरून एक स्थळ आलं. मुलगा पुण्यात असतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे, 31 वर्षांचा. पहिल्याच आठवड्यात पत्रिका दिल्या-घेतल्या, 22 गुण जुळले. आम्ही तीनदा भेटलो, दोनदा इथे नाशिकला कॉलेज रोडवर आणि एकदा पुण्यात. बोलणं फार छान असतं त्याचं. मेसेजला उत्तर आलं नाही असं कधी होत नाही. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी तो रोज चौकशी करत होता. पण पुढचं काही काढलं की ‘बघू’ म्हणतो, नाहीतर ‘आपल्याला घाई नाहीये ना?’ बाबांनी त्याच्या आईंना फोन केला, तर ‘चातुर्मास संपू दे, मग कळवतो’ म्हणाल्या. मी माझं प्रोफाईल लपवून ठेवलंय. त्याचं मात्र अधूनमधून ‘आज ऑनलाइन’ दिसतं. आई म्हणते चांगलं स्थळ आहे, थांब. दादा म्हणतो सोडून दे. मला तो आवडलाय, हे फक्त तुला सांगते आहे. तू इतकी वर्षं हेच काम करतेस. हे नक्की काय असतं? किती थांबू? आणि मी मागे लागले आहे असं न वाटता विचारायचं कसं?

तुझी चिऊ

*

चिऊ,

तुला तो आवडला यात लपवण्यासारखं काही नाही, आणि माझ्याकडून ते मावशीच्या कानावर जाणार नाही. आता तुझ्या प्रश्नाकडे येते.

मी पुण्यात वधू-वर सूचक केंद्र सुरू केलं त्याला 19 वर्षं झाली. तेव्हा बहुतेक स्थळं माणसामार्फत यायची. कुणाचे मामा, कुणाच्या आत्याच्या शेजारीण, बँकेतले निवृत्त काका. मुलाकडच्यांना पुढे जायचं नसलं तर ते या मध्यस्थाला सांगायचे. तो मुलीच्या घरी यायचा आणि चहा घेताना ‘पत्रिकेत जरा अडचण निघाली’ म्हणायचा. सगळ्यांना अर्थ कळायचा, कुणाचा अपमान व्हायचा नाही आणि आठवड्याभरात विषय मिटायचा. मध्यस्थाला पुढेही दोन्ही घरांत जायचं-यायचं असे, म्हणून उत्तर आणून देणं त्याला टाळता येत नसे.

साइटने स्थळांचा ढीग समोर ठेवला, पण हा माणूस मधून गेला. साइटवर नकार देण्याची सोय आहे, ती पहिल्या ‘इंटरेस्ट’पुरती. तीन वेळा समोरासमोर बसून कॉफी प्यायल्यावर तिथे जाऊन कुणी ते बटण दाबत नाही. मग नीट वळणाच्या मुलाची पंचाईत होते. तोंडावर नाही म्हणणं त्याला दुष्टपणाचं वाटतं आणि हो म्हणण्याइतकं त्याचं ठरलेलं नसतं. अशा वेळी त्याला एकच गोष्ट येते, चांगलं वागत राहणं. म्हणून मी केंद्रात येणाऱ्या प्रत्येक मुलीला सांगते की मुलाचं सौजन्य खरंच असतं, पण ते त्याच्या घरच्या वळणाविषयी सांगतं. लग्नाचा विचार कुठवर आलाय, ते त्यातून कळत नाही. मावशीच्या ऑपरेशनच्या वेळी त्याने चौकशी केली, ती मनापासूनच केली असेल. ती त्याने ओळखीतल्या कुणाच्याही आईसाठी केली असती, असाही मुलगा असू शकतो.

मग विचार कुठवर आलाय ते कशावरून ओळखायचं? आज रात्री जेवणं झाली की मोबाईल घेऊन बस आणि गेल्या चार आठवड्यांचे मेसेज पहिल्यापासून वाच. त्याने किती लिहिलं ते मोजू नकोस. बोलणं सुरू कोण करतं ते बघ. तीन भेटींपैकी ‘भेटूया का’ असं किती वेळा त्याने म्हटलं ते आठव. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याने तुला काय काय विचारलं ते बघ. ‘जेवलीस का’, ‘ऑफिस कसं होतं’ हे प्रश्न सोडून दे. तू नाशिकची नोकरी सोडशील का, पुण्यात बदली मिळू शकते का, त्याच्या आई-वडिलांबरोबर राहायला तुला चालेल का, तुझ्यावर घराचं कर्ज वगैरे आहे का, लग्न मोठं करायचं की साधं, यातलं एक तरी त्याने साडेतीन महिन्यांत स्वतःहून विचारलं आहे का? ज्या मुलाच्या डोक्यात तुझ्याबरोबर संसार मांडणं चालू असतं, तो नकळत या गोष्टींपाशी येतो. त्याला त्या टाळता येत नाहीत, कारण रात्री झोपताना तो तोच हिशेब करत असतो. हे प्रश्न आलेच नसतील, तर ‘बघू’चा अर्थ बराचसा तिथेच मिळतो. आले असतील आणि तरीही ‘बघू’ असेल, तर गाठ दुसरीकडे कुठेतरी आहे आणि ती सुटू शकते.

आता चातुर्मासाचं. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत आपल्याकडे लग्नाचे मुहूर्त धरत नाहीत आणि तुळशीचं लग्न लागलं की पुन्हा सुरू होतात, हे खरंच आहे. त्याच्या आई खोटं बोलल्या असं मी म्हणणार नाही. पण मुहूर्त लागतो तो लग्नाला. दोन घरांनी एकमेकांकडे जाऊन बसायला मुहूर्त लागत नाही, आणि होकार द्यायला तर नाहीच. फार तर पितृपक्षातले पंधरा दिवस काही घरं अशी बोलणी टाळतात, आणि ते आता संपलेत. उलट ज्या घरांना मार्गशीर्षात लग्न करायचं असतं, त्यांची चातुर्मासातच धावपळ असते. पुण्यात काय, नाशिकला काय, चांगली कार्यालयं काही महिने आधीच अडकलेली असतात. तुळशीचं लग्न झाल्यावर कार्यालय शोधायला निघालेल्या घराला बहुधा अडनिडी तारीख मिळते. त्यामुळे खरी तयारी असलेलं घर ‘लग्न चातुर्मास संपल्यावर, पण तोवर याद्या तरी करून घेऊ’ असं बोलतं. ‘चातुर्मास संपू दे, मग कळवतो’ या वाक्यात लग्नाची तारीख पुढे गेलेली नाही, उत्तर पुढे गेलं आहे. हा फरक मावशीला सांग. ती त्या वाक्यावर धीर धरून बसली असणार.

पत्रिकेचंही इथेच सांगून टाकते, कारण पुढे कदाचित तेच कारण तुमच्याकडे येईल. जन्मतारीख, वेळ आणि गाव हातात असलं की गुणमेलन काही मिनिटांत होतं. 36 पैकी 18 गुण आले तरी बहुतेक घरं पुढे जातात, तुमचे 22 आहेत. खरा अडसर होतो तो नाडीचा. एकट्या नाडीला 8 गुण असतात, दोघांची नाडी एक आली तर ते सगळे जातात, आणि एकूण बेरीज चांगली असूनही एक नाडी न चालणारी घरं आहेत. पण हे सगळं पहिल्या दिवशीच दिसतं. जुलैत जी पत्रिका चालत होती ती दिवाळीत चालेनाशी झाली, तर तो नकार आहे आणि तो नकार म्हणूनच घ्यायचा. दुसऱ्या ज्योतिषाकडे जाऊन परिहार काढून आणायचा आणि त्यांना पाठवायचा, असं करू नका. मी अशी घरं पाहिली आहेत. त्यांना उत्तर बदलून मिळालं नाही, फक्त तेच उत्तर जास्त कडू शब्दांत मिळालं.

‘आज ऑनलाइन’चा त्रास तू मनातून काढून टाक. त्यावरून काहीही ठरत नाही. साइटवर प्रोफाईल कुणी केलं ते बहुधा लिहिलेलं असतं, स्वतः, आई-वडील किंवा भावंड. ते एकदा बघ. कितीतरी घरांत खातं मुलाचं, पण पासवर्ड वडिलांकडे असतो. निवृत्त वडील सकाळी पेपर वाचून झाला की स्थळं बघत बसतात. माझ्याकडे एक मुलगी रडत आली होती, तो रोज पहाटे सहाला ऑनलाइन असतो म्हणून. तो मुलगा नऊच्या आधी उठत नव्हता, वडील उठत होते. मात्र तुझ्या बाबतीत प्रोफाईल आई-वडिलांनी केलेलं निघालं, तर त्यातून एक वेगळा प्रश्न उभा राहतो. त्याला स्वतःला आत्ता लग्न करायचं आहे का?

असं रेंगाळणं मी पाहते त्याच्या मागे साधारण तीन गोष्टी असतात. पहिली, दुसरी स्थळंही चालू आहेत आणि तो तुलना करतो आहे. हे ऐकायला बोचतं, पण कांदेपोह्यांच्या काळातही मुलाकडचे चार-चार घरं बघतच होते. यात लबाडी तेव्हाच येते, जेव्हा तो तुला सांगतो की तू एकटीच आहेस. दुसरी, त्याचं ठरलंय पण घरात काहीतरी अडलं आहे, आणि घरची गोष्ट बाहेर सांगायची त्याला लाज वाटते. तिसरी, त्याचं लग्नाचंच ठरलेलं नाही. वरून तिघेही सारखेच दिसतात, तिघेही ‘बघू’च म्हणतात. म्हणून मेसेजचा सूर, इमोजी, उत्तराला लागलेला वेळ यांवरून मैत्रिणींबरोबर बसून अंदाज बांधण्यात काही हाती लागत नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारचं एकेक उदाहरण सांगते. नावं-गावं बदलून सांगते आहे, तू ओळखायला जाऊ नकोस.

साताऱ्याकडची एक मुलगी, मुलगा बंगळूरला. चार महिने तुझ्यासारखंच चाललं होतं. तिने शेवटी सरळ विचारलं तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, ‘माझ्या मोठ्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलंय. ती घरी आहे. तिच्यासमोर माझी बैठक करायला आई तयार नाही.’ नकार नव्हताच. मुलीने विचारलं, मग कधीपर्यंत? त्याने आईशी बोलून दोन दिवसांनी सांगितलं की बैठक करू, पण आमच्या घरी नको, तुमच्याकडे करू, आणि साखरपुडा थोडा पुढे ढकलू. तसंच झालं. इथे लक्षात घेण्यासारखं इतकंच, की अडचण खरी होती म्हणून विचारल्यावर दोन दिवसांत तिच्यावर वाट निघाली. खऱ्या अडचणीला नाव असतं आणि साधारण मुदतही असते.

दुसरा मुलगा ठाण्याचा. प्रोफाईल आईने केलेलं. मुलगी हुशार, बोलकी, त्याला तिच्याशी बोलायला आवडायचं. इथे चूक माझी झाली. मुलीच्या आईने मला तीन-तीनदा विचारलं आणि मी प्रत्येक वेळी म्हटलं, ‘मुलगा चांगला आहे, थोडं थांबा.’ आठ महिने थांबले ते लोक. मग मुलीनेच कंटाळून विचारलं, तेव्हा कळलं की त्याला बाहेरदेशी पुढे शिकायला जायचं होतं, अर्ज भरले होते, घरी सांगितलं नव्हतं. तो तिला म्हणाला, ‘बरं झालं तू विचारलंस.’ त्याच्यावरचं ओझं उतरलं, तिचे आठ महिने मात्र गेले. तेव्हापासून ‘थोडं थांबा’ हा शब्द मी तारखेशिवाय वापरत नाही.

म्हणून तू विचार. मेसेजवर नको, फोनवर किंवा भेटून. मेसेजवर त्याला गोड उत्तर जुळवायला वेळ मिळतो, आणि तुला मग त्या उत्तराचा कीस काढावा लागतो. ‘आपलं काय ठरलं?’ किंवा ‘तुझा काय विचार आहे?’ असं मोघम विचारू नकोस, त्याचं उत्तर ‘बघू’च येणार. पुढचं एक ठरावीक पाऊल समोर ठेव, ज्याला हो किंवा नाही म्हणावं लागेल. तुमच्या बाबतीत ते पाऊल आहे दोन्ही घरच्यांची भेट. ती अजून झालेली नाही, आणि ती झाल्याशिवाय बाकी सगळं बोलणं हवेत आहे.

साधारण असं म्हणता येईल. शब्द तुझे घाल.

‘आपण तीनदा भेटलो, मला तुझ्याशी बोलायला आवडतं आणि मला पुढे जावंसं वाटतं आहे. पुढे जायचं तर आता आई-बाबांनी भेटायला हवं. दिवाळीच्या आधी एखाद्या रविवारी तुम्ही नाशिकला याल का, की आम्ही पुण्याला येऊ? तुझं मन तयार नसेल तर तसं सांग. मला वाईट वाटेल, पण मी राग धरणार नाही. घरात काही अडचण असेल तर तीही सांग, ती माझ्यापाशी राहील.’

यात तू होकारासाठी विनवत नाहीस. तू स्वतःचं मन सांगते आहेस, आणि नाही म्हणण्याची वाट त्याच्यासाठी उघडी ठेवते आहेस. मध्यस्थ जे करायचा तेच हे काम आहे. मागे लागणं म्हणजे हाच प्रश्न दर आठवड्याला वेगवेगळ्या आडवळणाने विचारणं, मैत्रिणीचं लग्न ठरल्याचं मुद्दाम सांगणं, स्टेटसला काहीतरी टाकून तो बघतो का ते बघणं. एकदा, स्वच्छ, तारखेसकट विचारणं यात मागे लागणं नाही. मुलीने आधी विचारलं तर किंमत कमी होते असं मावशी म्हणेल. माझ्या अनुभवात ज्या घराने एवढ्यावरून किंमत कमी केली, तिथे पुढे प्रत्येक गोष्टीत असाच हिशेब निघाला.

बोलून झालं की गप्प बस. हे सगळ्यात अवघड आहे. तो दहा सेकंद काही बोलला नाही तर ‘नाही, तसं काही नाही, तू आरामात विचार कर’ असं म्हणून तू स्वतःच त्याची सुटका करशील. बहुतेक मुली करतात. ती शांतता त्याची आहे, त्यालाच भरू दे.

मग तीनपैकी एक काहीतरी येईल. तारीख आली, किंवा ‘आईशी बोलून रविवारपर्यंत सांगतो’ असं आलं आणि रविवारी खरंच फोन आला, तर उत्तम. मला कळव, भेटीला कोण बसेल, काय बोलायचं ते आपण ठरवू. दुसरं, तो नाही म्हणेल. तेव्हा कारण खणू नकोस. ‘सांगितलंस हे बरं केलंस’ एवढं म्हण आणि फोन ठेव. ‘मित्र म्हणून बोलत राहू’ असं तो म्हणालाच तर निदान काही महिने तरी नको, कारण तुझ्या मनात ते मित्राचं नाही.

तिसरं उत्तर तू घाबरते आहेस ते, ‘मला थोडा वेळ हवा आहे.’ हे आलं की फक्त एक विचार, ‘कशासाठी, आणि कधीपर्यंत?’ नोकरी बदलतो आहे, वडिलांची तब्येत, बहिणीचं काहीतरी, असं कारण नावानिशी आलं तर एक मुदत दे. तीन आठवडे पुरेत. मुदत एकदाच द्यायची. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच आलं, किंवा आत्ताच कारणही नाही आणि तारीखही नाही असं झालं, तर तू तिथे थांब. त्याने नकार दिला नाही म्हणून स्थळ चालू आहे असं समजायचं नाही. माझ्या वहीत अशा स्थळांपुढे मी पूर्वी ‘उत्तर यायचं आहे’ असं लिहायची. आता ‘नकार’ असंच लिहिते आणि मुलीच्या घरी तसंच सांगते. त्यातलं एखादं पुढे परत आलंच, तर ते नवं स्थळ म्हणून पुन्हा पहिल्यापासून बघता येतं.

बाबांना आता त्यांच्याकडे पुन्हा फोन करू देऊ नकोस. वडिलांनी दोनदा फोन केला की पलीकडचं घर आणखी गुळगुळीत बोलायला लागतं, वडीलधाऱ्या माणसाला नाही म्हणणं त्यांना आणखी जड जातं. तू बोललीस आणि अडचण त्याच्या घरची निघाली, तर मात्र मी त्याच्या आईंना फोन करीन. मुलीची मोठी बहीण म्हणून नव्हे, मध्यस्थ म्हणून. ‘तुमची अडचण मला सांगा, मी तिकडे नीट पोचवते’ असं म्हटलं की बायका मोकळ्या बोलतात. पण आधी तू. तुझ्याआधी मी बोलले तर त्याला पुन्हा घरच्यांच्या मागे लपायला जागा होईल.

प्रोफाईल उद्याच उघड. अजून तुमचं काहीही ठरलेलं नाही, मग एकाच बाजूने दार लावून बसायचं कारण नाही. हे त्याच्यापासून लपवायचंही नाही आणि त्याला बोचावं म्हणून सांगायचंही नाही. त्याने विचारलं तर ‘आपलं ठरेपर्यंत घरचे इतर स्थळंही बघताहेत’ असं सांगून टाक. मला माहीत आहे, तुला दुसऱ्या कुणाशी आत्ता बोलवणार नाही. नको बोलूस. पण आलेली स्थळं मावशीला बघत राहू दे. तुझं 28वं चालू आहे, अर्धं वर्ष एका ‘बघू’वर घालवणं मला मान्य नाही.

एक काळजीची गोष्ट सांगायची राहिली. तू त्याच्या घरी गेलेली नाहीस, त्याचे मित्र पाहिलेले नाहीत, ऑफिसखाली भेटलेली नाहीस, बरोबर ना? मला त्याच्याबद्दल संशय नाही. पण केंद्र सरकारने 2016 साली विवाह संकेतस्थळांसाठी ज्या सूचना काढल्या, त्यांतही भर आहे तो ओळख आणि पत्ता तपासण्यावर. माणूस तोच आहे एवढं त्यातून कळतं. आधीचं लग्न, मोडलेला साखरपुडा, चालू असलेला घटस्फोट, पगार, यातलं काही साइटच्या निळ्या खुणेवरून कळत नाही. घरच्यांची भेट ठरली की मी त्याच्या सोसायटीत आणि मूळ गावी ओळखीतून चौकशी करीन, जशी प्रत्येक स्थळाची करते. ते माझ्यावर सोड. आणि तोवर त्याने कधी, कितीही लहान रक्कम, कुठल्याही कारणाने मागितली, तर त्याच दिवशी मला सांगायचं.

तुला तो आवडतो, म्हणून विचारायची भीती वाटते आहे. प्रश्न विचारला तर हे जे रोजचं गोड बोलणं आहे तेही जाईल, असं वाटतंय ना? जाईलही कदाचित. साताऱ्याच्या मुलीलाही हीच भीती होती. ती मला म्हणाली होती की निदान रात्रीचा फोन तरी येतो. मी तिला विचारलं होतं, फोन ठेवल्यावर तुला झोप लागते का? तिने उत्तर दिलं नाही, दुसऱ्या दिवशी त्याला विचारलं.

या शनिवारी संध्याकाळी बोल. शनिवारी त्याला सुट्टी असेल आणि रविवारी घरच्यांशी बोलायला दिवस मिळेल. बोलायच्या आधी काय म्हणायचं ते कागदावर लिही, दोन वेळा मोठ्याने वाच आणि कागद समोर ठेवूनच फोन लाव. बोलणं झाल्यावर मावशीला सांगण्याआधी मला फोन कर, कितीही वाजले तरी. मी जागी असते. आणि उत्तर काहीही आलं तरी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात दोन दिवस इकडे ये. चकल्या करायच्या आहेत, भाजणी मी दळून ठेवली आहे.

तुझी ताई